दोन ठोकळे आणि ‘μmg’चा घोटाळा

एकावर एक ठेवलेल्या दोन ठोकळ्यांबद्दल असा एक समज असतो: «खालच्या ठोकळ्याला ओढताना बल μmg च्या वर गेलं की वरचा घसरतो, कारण घर्षण तेवढंच पेलतं. घर्षण गतीच्या विरुद्ध असतं, म्हणून वरच्यावर ते मागे लागतं. आणि घसरला की तो मागे जातो.»

आकडे घेऊन बघू. वरचा ठोकळा m = 2 किग्रॅ, खालचा M = 3 किग्रॅ, दोघांमधला स्थितिक घर्षणांक μ = 0.4, जमीन गुळगुळीत, g = 10 मी/से².

आधी दिशा, कारण खरी गडबड तिथेच आहे. वरच्या ठोकळ्याला आडव्या दिशेत कोण ढकलतंय? दोरी खालच्याला बांधलेली आहे. वरच्याला फक्त घर्षण शिवतं. तो पुढे जातोय म्हणजे घर्षण पुढेच असणार. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून सरकण्याला, जमिनीच्या हिशेबातल्या गतीला नाही.

आता मर्यादा. ते घर्षण जास्तीत जास्त 0.4 × 2 × 10 = 8 न्यूटन. 2 किग्रॅला ते 4 मी/से² त्वरण देऊ शकतं, त्याहून जास्त नाही. न घसरता दोघं मिळून याच त्वरणाने जायला हवेत, म्हणून ओढायचं बल 5 × 4 = 20 न्यूटन, म्हणजेच F = μ(m + M)g. 8 न्यूटनने ओढलं तर त्वरण 1.6 आणि वरच्याला लागणारं घर्षण जेमतेम 3.2 न्यूटन, घसरण्याचा प्रश्नच नाही. चूक कळते कशी? μmg मध्ये खालच्या ठोकळ्याचं वस्तुमान येतच नाही, जणू तो फुकट हलतोय.

जमीन खरखरीत असेल, समजा घर्षणांक 0.1, तर तिचं 0.1 × 5 × 10 = 5 न्यूटन घर्षण वर मिळवा: 25 न्यूटन. इथे लंबबल दोन्ही ठोकळ्यांचं धरायचं. बरेच जण फक्त खालच्याचे 3 किग्रॅ धरतात आणि 2 न्यूटनने चुकतात.

‘मागे जातो’ हेही अर्धंच खरं. गुळगुळीत जमिनीवर 26 न्यूटनने ओढा, गतिक घर्षणांक 0.3 धरा. वरच्यावर 6 न्यूटन, त्वरण 3 मी/से², पुढेच. खालच्याचं (26 − 6)/3, साधारण 6.7. वरचा मागे पडतो, पण फक्त खालच्याच्या तुलनेत.

ताणकाट्याने करून पाहणार असाल तर बल हळूहळू वाढवा. हिसका बसला की क्षणभर काटा मर्यादेपलीकडे जातो आणि ठोकळा आधीच सुटतो. वरचा ठोकळा उभट नको. ओढण्याच्या दिशेत 4 सेंमी रुंद आणि 12 सेंमी उंच एकसंध ठोकळा 10 × 4/12, म्हणजे सुमारे 3.3 मी/से² त्वरणाच्या पुढे कलायला लागतो, आणि घसरण्याआधीच मागे आडवा होतो.