प्रतिक्रियेला उत्तर: तारे, रेघा आणि अहिराणी पुस्तिकेचं पान

आलेली प्रतिक्रिया: "लेख वाचला. फोटोत ठळक, तिरपं, अधोरेखित सगळं डोळ्यांना दिसतंच आहे, मग त्याला तारे लावून अक्षरांची रांगोळी कशाला? वर्डमध्ये टाईप करून B दाबलं की झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर एक तारा, तुमच्याकडे दोन, म्हणजे हा नुसता पोरखेळ. मराठीत तिरपी अक्षरं मुळात नसतातच. तुम्ही छापखाना आतून पाहिलेला दिसत नाही. – एक निवृत्त मास्तर"

मास्तर, नमस्कार. लेख होता अहिराणी शब्दांच्या छापील पुस्तिकेचं पान फोटोवरून साध्या मजकुरात टाईप करताना ठळक, तिरपं आणि अधोरेखित यांना खुणा कशा लावायच्या त्याबद्दल. तुमच्या वयाचा मान ठेवून लिहितोय, पण ते शेवटचं वाक्य लिहायची काही गरज होती का? मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा, त्यासाठी समोरच्याने काय पाहिलंय आणि काय नाही याचा पंचनामा कशाला पाहिजे. आणि आता निघालाच विषय तर सांगतो, अमळनेरला माझ्या काकांची प्रेस होती, ट्रेडल मशीनची, आणि शाळा सुटली की मी तिथेच असायचो, छापून झालेल्या मजकुराचे खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं काम माझ्याकडे होतं, बोटं काळी झाली म्हणून आईच्या शिव्या खाल्ल्या आहेत. छापखाना आतून म्हणजे किती आतून पाहिजे भो तुम्हाला?

त्याच प्रेसमध्ये मी प्रूफं बघितली. प्रूफावर शब्दाखाली नागमोडी रेघ म्हणजे तो शब्द ठळक घ्या, साधी एक रेघ म्हणजे इटालिक घ्या, ही खूण जगभर चालायची आणि इंग्रजी मजकुराला आमच्याकडेही चालायची. टाईपरायटरवर तिरपं अक्षर नव्हतंच, म्हणून टाईप करणारा शब्दाखाली रेघ मारायचा आणि इंग्रजी जुळवणारा कंपोझिटर ती रेघ बघून तिरपा टाईप उचलायचा. म्हणजे साध्या अक्षरांना खुणा लावून "हा शब्द वेगळा आहे" असं पुढच्याला कळवणं हा आजकालच्या पोरांचा उद्योग नाही मास्तर, तुमच्या-माझ्या आधीपासून चालू आहे.

एक गोष्ट मात्र तुमची बरोबर. खिळ्यांच्या जमान्यात देवनागरीत तिरपा टाईप सहसा नसायचाच, जोर द्यायचा तर जाड टाईप घ्यायचे नाहीतर शब्द अवतरणात टाकायचे. हे मी मान्य करतो. पण मी ज्या पानाबद्दल लिहिलं ते कॉम्प्युटरवर जुळवून ऑफसेटला छापलेलं आहे, आणि कॉम्प्युटर कुठल्याही फॉन्टला उजवीकडे ढकलून तिरपं करतो, त्याला कोणी विचारत नाही मुळात होतं का नव्हतं.

आता डोळ्यांना दिसतंच आहे, त्याबद्दल. इथे मला जरा सविस्तर लिहावं लागेल कारण सगळा घोळ इथेच आहे.

पुस्तिका अहिराणी शब्दांची आहे. तिच्यात अहिराणी शब्द ठळक छापलाय, पु. स्त्री. न. ही लिंगं तिरप्यात, आणि शब्दाला प्रत्यय लागला की प्रत्ययाखाली रेघ. म्हणजे तिन्ही प्रकार शोभेचे नाहीत, प्रत्येकाला काम आहे. हे पान नुसतं टाईप केलं की "आंडोर पु. मुलगा आंडोरले मुलाला" अशी एक सपाट ओळ हातात येते, आणि ज्याला अहिराणी येत नाही त्याला "आंडोरले" हा वेगळा शब्द आहे का "आंडोर"ला "ले" लागलाय हे कळायला मार्ग नाही. छापणाऱ्याने त्या रेघेतून ते सांगितलं होतं, टाईप करताना आपण ते पुसून टाकलं.

आणि फोटोत दिसतं म्हणता, तर फोटोत काय काय दिसतं ते ऐका. माझ्याकडची प्रत कोणाच्या तरी घरातून आलेली, आधीच्या मालकाने पेन्सिलीने रेघा मारलेल्या, बांधणीजवळ पान गोल होतं, फोटो मोबाईलने काढलेला. अशा फोटोत बांधणीजवळच्या सावलीत सगळेच शब्द जाड दिसतात. मग ठळक कोणता? त्याच ओळीतलं तेच अक्षर शोधायचं, म्हणजे या शब्दातला व आणि शेजारच्या शब्दातला व, आणि फोटो मोठा करून त्याच्या पोटातली पांढरी जागा बघायची. ठळक व मध्ये ती जागा बारीक होते, शेजारच्यात मोकळी असते, आणि हा फरक बरोब्बर शब्दाच्या कडेला सुरू होऊन कडेलाच संपतो. सावली किंवा पसरलेली शाई शब्दाची कड बघून थांबत नाही, ती अर्ध्या शब्दातही सुरू होते. ओळच्या ओळ जाड दिसत असेल तर तो उजेडाचा प्रकार आहे, तिथे खूण लावायची नाही.

तिरप्याचं त्याहून सोपं. शिरोरेषा आणि काना बघायचा. फोटोच वाकडा काढला असेल तर ओळीतले सगळे काने सारखेच कलतात, बहुतेक वेळा शिरोरेषाही ओळीबरोबर चढते किंवा उतरते. खरं तिरपं असेल तर शिरोरेषा शेजारच्या शब्दांच्याच पातळीत राहते आणि फक्त त्या एका शब्दाचे काने उजवीकडे झुकतात. "पु." मध्ये काना नाही पण प ची उभी दांडी आहे, तेवढी पुरते.

रेघेला मात्र सगळ्यात जास्त वेळ लागतो. छापील रेघ सगळीकडे एकाच जाडीची, अक्षरांपासून एकाच अंतरावर, आणि प्रत्ययाच्या पहिल्या अक्षराखाली सुरू होऊन शेवटच्याखाली थांबलेली. पेन्सिलची रेघ सुरुवातीला गडद, पुढे फिकी, आणि ती शब्दाच्या पुढे घसरून जाते. शब्दात उकार असेल तर छापील रेघ त्याच्या शेपटीला सरळ कापत जाते, हाताने मारणारा बऱ्याचदा उकाराला चुकवून खाली उतरतो. पेन्सिलच्या रेघेला मी खूण लावत नाही, कारण ती लेखकाची नाही. तुमच्या चष्म्याला हे सगळं एका नजरेत दिसत असेल तर आनंद आहे.

एवढं ठरलं की मग ओळ अशी लिहायची:

```
**आंडोर** *पु.* मुलगा. **आंडोर**<u>ले</u> मुलाला.
```

दोन तारे ठळक, एक तारा तिरपं, `<u>` ते `</u>` रेघ. या पद्धतीचं नाव मार्कडाऊन, आणि तिच्यात रेघेला स्वतःची खूणच नाही म्हणून ती एक खूण वेबपानाच्या भाषेतून उसनी घेतली. दोन अंडरस्कोर लावले तर रेघ येईल असं वाटतं, पण मार्कडाऊनमध्ये त्याचाही अर्थ ठळकच होतो. आणि तारेच का, अंडरस्कोर का नाही, तर अंडरस्कोरची खूण शब्दाच्या मधोमध चालत नाही. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतो, "आंडोर" ठळक आणि "ले" साधा ही गरज ओळीआड पडते. तारा शब्दाच्या मध्ये चालतो.

पण तिथेही एक खोच आहे, आणि लेखाखाली कोणीतरी हे विचारेल असं मला वाटलं होतं, आली ती रांगोळी. पुस्तिकेत काही ठिकाणी शब्द अवतरणात आहे आणि बाहेर प्रत्यय आहे. ते असं लिहिलं तर:

```
**‘आंडोर’**ले
```

पडद्यावर तारे तसेच्या तसे दिसतात, ठळक काही होत नाही. कारण बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह आणि लगेच नंतर अक्षर आलं की मार्कडाऊन त्यांना बंद करणारे तारे मानतच नाही. इंग्रजीत अवतरणानंतर बहुतेक जागा किंवा स्वल्पविराम येतो म्हणून त्यांना हे फारसं अडत नाही, आपल्याला पावलोपावली अडतं. अवतरण बाहेर काढायचं:

```
‘**आंडोर**’ले
```

हे चालतं. अवतरणचिन्ह छापात ठळक होतं का साधं, हा बारकावा यात जातो, तो मी जाऊ देतो. तसंच ताऱ्याच्या आत जागा सोडायची नाही, `** आंडोर**` लिहिलं की बिघडलं. आणि खूण मात्रेच्या आधी कधीच टाकायची नाही, ल आणि त्याची मात्रा यांच्यात तारा घुसला तर मात्रा सुटी पडून ठिपक्यांच्या गोलावर बसते. छापातच तळटीपेचा तारा असेल तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ लावायची, `\*`, म्हणजे तो तारा म्हणूनच दिसतो.

राहिली व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट. हो, तिथे एक तारा म्हणजे ठळक, म्हणून माझी ओळ तिथे चिकटवली तर `*पु.*` ठळक होईल आणि `<u>` तसंच छापलं जाईल. मग चिकटवू नका. प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या साध्या मजकुराच्या फायलींत तिरप्याला दोन्हीकडे अंडरस्कोर आणि ठळकला `=` हे बरोबरीचं चिन्ह असतं, विकिस्रोतावर दोन आणि तीन एकेरी अवतरणं, सगळ्यांचं वेगवेगळं आहे आणि कोणाचं काही अडलेलं नाही. फाईलीच्या पहिल्या ओळीत कोणती खूण कशाची ते लिहून ठेवायचं, संपलं. नकाशाच्या कोपऱ्यात खुणांची यादी असते तेव्हा तुम्ही भूगोलाला पोरखेळ म्हणत नसाल.

वर्डमध्ये B दाबा. दाबा की, कोणी अडवलंय? फक्त तीच फाईल साध्या मजकुरात सेव्ह करा नाहीतर एखाद्या साध्या चौकटीत चिकटवा, आणि मग ठळक कुठे होतं ते मला शोधून दाखवा. तारे देखणे नाहीत हे मलाही दिसतं, पण ते कुठेही चिकटवले तरी गळून पडत नाहीत. एक गैरसोय मात्र आहे ती सांगून टाकतो कारण ती तुम्ही काढली नाही, आणि काढली असती तर मला उत्तर द्यायला जास्त आवडलं असतं: शब्दाच्या मध्ये खूण आली की "आंडोरले" शोधून सापडत नाही. म्हणून मी प्रत्येक पानाची खुणा काढलेली दुसरी फाईल ठेवतो, शोधायला ती आणि वाचायला ही.

लेखातला फोटो अजून तिथेच आहे. खालून तिसऱ्या ओळीत "ले"खाली एक रेघ आहे. ती छापील आहे का पेन्सिलची, तेवढं पुढच्या प्रतिक्रियेत लिहा, आणि कशावरून ओळखलं तेही.