‘प्रथम आवृत्ती १९९८’ म्हणजे पहिलीच छपाई?

“विक्रेत्याने पाठवलेल्या जुन्या पुस्तकाच्या फोटोत ‘प्रथम आवृत्ती १९९८’ दिसतंय, म्हणजे प्रत पहिल्या छपाईचीच आहे ना?”

तसं नाही. ती ओळ पुनर्मुद्रणातही बऱ्याचदा तशीच राहते. प्रकाशनाची माहिती असलेल्या त्या पानाच्या तळाशी ‘१० ९ ८ ७ ६ ५ ४’ अशी आकड्यांची रांग असेल, तर तिच्यातला सर्वांत लहान आकडा पाहा. इथे तो ४, म्हणजे चौथी छपाई. प्रत्येक छपाईला प्रकाशक एक आकडा काढतो. सगळेच प्रकाशक ही रांग देत नाहीत, पण विक्रेत्याच्या फोटोत बऱ्याचदा नेमका तळ कापलेला असतो, म्हणून पूर्ण पानाचा फोटो मागाच.

आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळख क्रमांकावरून छपाई कळत नाही. साध्या पुनर्मुद्रणात तो बदलत नाही. मात्र या पानावर १३ अंकी आयएसबीएन असेल, तर प्रत १९९८ची नाही: ते क्रमांक २००७पासून रूढ झाले. बारकोडखालचे ९७८ जुन्या पुस्तकांवरही असते, ते धरू नका.