मित्र आणा, दिवस न्या

‘मित्राला आणा, बक्षीस मिळवा!’ एवढं ग्रुपवर टाकलं की काम झालं, असं जिमच्या मालकांना वाटतं. माझं मत असं की या चार शब्दांत निदान तीन भांडणं लपलेली आहेत, आणि ती सगळी रिसेप्शनवरच्या मुलीच्या टेबलावर होणार आहेत.

पहिलं भांडण ‘मित्र’ या शब्दाचं. मागच्या महिन्यात मेंबरशिप संपलेला नवराही बायकोचा ‘नवा मित्र’ होऊन येतो. म्हणून मी नियमात लिहितो : गेल्या सहा महिन्यांत मेंबर नसलेला आणि ज्याचा मोबाइल नंबर चौकशीच्या वहीत आधी नाही, तो नवा. ओळख नंबरावरूनच ठरवावी. नावावर विसंबलात तर वहीत एकच माणूस प्रशांत, पप्पू आणि ‘जोशींचा मुलगा’ असा तीनदा सापडतो.

मग एकाच मित्राचे दोन दावेदार उभे राहतात. मित्र बिचारा ट्रेडमिलवर धापा टाकतोय आणि इकडे त्याची वाटणी चाललीये. यावर एकच नियम टिकतो : मित्राने पहिल्यांदा पाऊल टाकण्याआधी, त्याला विचारून, ज्याने त्याचा नंबर रिसेप्शनला दिला, बक्षीस त्याचं. नंतर आठवलेली मैत्री धरली जात नाही. आपणहून आलेला माणूस लाडक्या मेंबरच्या खात्यावर चढवायची ट्रेनरची सवयही याने सुटते.

बक्षीस रोख देऊ नये. समजा, तीन महिन्यांची फी 4500 रुपये आहे. मित्राला 500 सूट, म्हणजे तो 4000 भरतो. आणणाऱ्याला मेंबरशिपचे 15 दिवस वाढवून. हिशेबाने ते 750 रुपये होतात, पण गल्ल्यातून काही जात नाही. पंखे तसेही फिरत असतात. मात्र फुकट ट्रायलवर दिवस देऊ नका, नाहीतर सोसायटीतली सगळी पाहुणेमंडळी जिम बघून जातील. फी परत मागायची मुदत 15 दिवस असेल, तर 1 तारखेला पैसे भरलेल्या मित्राचे दिवस 16 तारखेला जोडा. आणि दिवाळीच्या ऑफरशी बेरीज नाही, हे ठळक लिहा. नाहीतर दिवाळीची 20 टक्के सूट आणि वर 500, म्हणजे 4500 चे 3100 होतात, आणि 15 दिवस आहेतच.

मेसेज मात्र दोन लागतात, हे कुणी लक्षात घेत नाही. मेंबरला पाठवलेला मेसेज तो जसाच्या तसा पुढे ढकलतो, आणि मित्राला वाचायला मिळतं : ‘प्रिय मेंबर, तुमचा मित्र आणा.’ म्हणून दुसरा मेसेज मेंबरच्या तोंडी लिहून द्या :

‘माझ्या जिमला एक दिवस फुकट येऊन बघ. आवडलं तर तीन महिन्यांच्या फीत 500 कमी, मलाही 15 दिवस मिळतात. येण्याआधी सांग, तुझा नंबर रिसेप्शनला देतो. 31 तारखेपर्यंत.’

स्वतःचे 15 दिवस लपवू नयेत. पोस्टरवर ते लिहिलेलेच असतात. आणि सुरुवातीला ‘पोट सुटलंय का?’ घालायचा मोह आवरा. मालकांना ती ओळ फार आवडते. पण ती पाठवणार असतो मेंबर, तीही पोट सुटलेल्या मित्राला.