वेळकाढूपणाच्या तक्रारीवर गॅरेजचं उत्तर

“एवढ्याशा थर्मोस्टॅटसाठी सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी हातात. कॅप बदलून भागलं असतं. नुसता वेळकाढूपणा.”

नमस्कार साहेब. तुमचा दिवस मोडला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. पण वेळकाढूपणाचा आरोप जिव्हारी लागला, म्हणून सविस्तर लिहितोय.

खंबाटकी चढताना काटा लाल रेषेवर गेला, तरी तुम्ही गाडी तशीच चालवत आणलीत. बॉनेट उघडलं तेव्हा इंजिन भाजत होतं, पण रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप जेमतेम कोमट होता. दुखणं तिथेच कळलं. तुमच्या गाडीत त्या पाइपाच्या तोंडाशीच थर्मोस्टॅट बसतो. इंजिन गार असताना तो बंद असतो आणि कूलंट इंजिनातल्या इंजिनातच फिरतं. ८२ अंशांच्या आसपास आतलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि गरम कूलंट रेडिएटरकडे जातं. तुमची झडप बंदच अडकली होती. गरम कूलंट रेडिएटरपर्यंत पोचतच नव्हतं. फॅनचा स्विचही रेडिएटरवरच असल्यामुळे फॅन लागला नाही. फॅनचा काही दोष नव्हता.

कॅपचाही नव्हता, साहेब. तिच्यावर ०.९ लिहिलंय, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बारने वाढेपर्यंत ती धरून ठेवते. त्या दाबामुळे साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. दाब त्याहून वाढला की कॅपची स्प्रिंग उचलली जाते आणि कूलंट बाटलीत जातं. तुम्हाला दिसलं ते हेच. तुम्ही म्हणालात तशी जास्त दाबाची कॅप लावली असती, तर होज पाइप नाहीतर रेडिएटर फुटला असता.

आता वेळेचं. गरम इंजिनाची कॅप उघडली की दाब एकदम उतरतो आणि कूलंट उसळून अंगावर येतं. त्यासाठी मी पोरांचे हात भाजू देणार नाही. दुपारपर्यंत गाडी निवण्याची वाट पाहावीच लागली. मग कूलंट काढून थर्मोस्टॅट सोडला आणि तुमच्यासमोर जुना-नवा दोन्ही उकळत्या पाण्याच्या पातेल्यात टाकले. नवा उघडला, जुना जागचा हलला नाही, हे तुम्ही स्वतः पाहिलंत. पुढे कूलंट भरून हवा काढली, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं, पुन्हा गार करून पातळी पाहिली. आत हवा राहिली असती तर नवा थर्मोस्टॅट असूनही गाडी तापली असती, आणि तेव्हाही बोल आम्हालाच लागला असता.

थर्मोस्टॅट न लावताच गाडी द्यायला मी नकार दिला, तो यासाठी की मग थंडीत इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त जातं.

यापुढे कामाला लागणारा वेळ आधी सांगत जाऊ. चार दिवसांनी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बाटलीतली पातळी बघा. खाली गेलेली दिसली तर गाडी घेऊन या. एवढी तापलेली चालवल्यावर हेड गॅस्केट एकदा तपासायला हवं. त्या तपासणीचे पैसे घेणार नाही.