नग, कागद आणि पाकीट: पत्रिकेच्या हिशेबाबद्दल

निमंत्रणपत्रिकेच्या छपाईचा दर कसा ठरतो, यावरील माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया: "एकूण बिलाला नगांनी भागले की प्रति नग दर मिळतो. त्यासाठी एवढा लेख कशाला? शिवाय कागद स्वस्त घेतला की पत्रिका स्वस्त होते, हे तर कोणीही सांगेल."

उत्तर:

आपला भागाकार अचूक आहे, परंतु तो बिल आल्यानंतरचा आहे. नग किती छापावेत आणि कागद कोणता घ्यावा हे त्याआधी ठरवायचे असते, आणि तिथे तो उपयोगी पडत नाही. ऑफसेट छपाईत मजकूर उतरवलेली प्लेट आणि यंत्राची जुळवणी यांचा खर्च नगसंख्येवर अवलंबून नसतो. तो 6000 रुपये आणि कागद, शाई, कटिंग मिळून प्रत्येक नगाचा खर्च 12 असा मानू (आकडे केवळ समजण्यापुरते, पाकीट वेगळे). मग 100 नगांना दर 72 पडतो, 200 ना 42 आणि 1000 ना 18. यातून निघणारी खरी कामाची गोष्ट अशी की 200 ऐवजी 250 छापल्यास बिल फक्त 600 ने वाढते, तर तेच 50 नग मागाहून छापायला गेल्यास जुळवणी पुन्हा करावी लागते आणि प्लेटही नव्याने काढावी लागल्यास एक नग 132 ला पडतो.

आता कागद. प्रति नग 3 ने महाग कागद घेतला, तर 100 नगांना दर 72 वरून 75 होतो, म्हणजे वाढ जेमतेम 4 टक्के. 1000 नगांना मात्र 18 चे 21 होतात, म्हणजे जवळपास 17 टक्के. थोड्या पत्रिका असताना कागदात काटकसर करण्यात फारसे हशील नसते, असे माझे मत त्यामुळेच आहे. अर्थात यात एक छुपी भर असते. रंग बसेपर्यंत वाया जाणारे सुरुवातीचे ताव मुद्रक जमेल तितके रद्दी कागदाचे वापरतो, पण शेवटचे काही त्याच महाग कागदाचे लागतात. एका तावात 4 पत्रिका बसत असतील आणि असे 20 ताव गेले, तर 80 पत्रिकांचा कागद जातो; प्रत्येकी त्याच 3 च्या फरकाने 100 च्या कामात ही नासाडी दरात आणखी 2.40 घालते, 1000 च्या कामात केवळ 24 शतांश. दरपत्रक मागताना नासाडी धरली आहे का, हे म्हणूनच विचारावे.

पाकिटाचे गणित उलटे चालते. तयार मापाचे पाकीट 5 ला मिळत असेल, तर नग कितीही असोत, ते साधारण 5 लाच पडते. वेगळ्या मापाचे करून घ्यायचे तर कागद त्या आकारात कापणारी डाय बनवावी लागते. तिचे 2000 आणि प्रत्येक पाकिटाचे 6 धरल्यास 100 ला दर 26 होतो, 1000 ला 8. म्हणून कमी नगांच्या कामात आधी तयार पाकीट निवडावे आणि पत्रिकेचे माप त्यावरून ठरवावे. बहुतेक जण नेमके याच्या उलट करतात आणि मग पत्रिका दोन मिलिमीटरने अडकते.