फोटोवरून नाणं ‘शंभर टक्के खरं’ ठरत नाही

‘जुन्या नाण्याचे दोन्ही बाजूंचे एचडी फोटो पाठवा, जाणकार माणूस एका नजरेत खरं की खोटं सांगतो. जो “बहुतेक”, “शक्यता आहे” असं बोलतो त्याला एकतर कळत नाही किंवा जबाबदारी टाळायची असते. शंका राहिलीच तर वजन करा. वजन आणि चांदी जुळली की १०० टक्के ओरिजिनल.’
(नाशिकच्या नाणेसंग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरणारा मेसेज)

आधी नजरेबद्दल बोलू. आपल्या भागातलंच नाणं घेतो, म्हणजे डोळ्यांपुढे ठेवून बोलता येईल. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी १३ हजारांहून जास्त होती आणि त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकलेला होता. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि भोवती ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. खाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसत राहतो. हरलेल्या राजाचं नाणं जिंकलेल्याने चलनात कसं आणलं, हे एका दीड सेंटिमीटरच्या तुकड्यावर दिसतं. म्हणून त्याला मागणी आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही होतात.

नक्कल करायचे मुख्य मार्ग दोन. पहिला ओतकामाचा: खऱ्या नाण्याचा साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतायचा. दुसरा नवीन ठसा कोरून किंवा खऱ्यावरून उतरवून चांदीच्या चकतीवर ठोकायचा. ओतीव नाणं ओळखायच्या जागा ठरलेल्या आहेत. कडेवर साच्याच्या दोन भागांची बारीक रेघ असते किंवा ती घासून टाकल्याच्या खुणा असतात. अक्षरांच्या खोलगट भागात हवेच्या बुडबुड्यांनी पडलेले गोल खड्डे किंवा उठलेले बारीक दाणे दिसतात. रेषांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात. ठोकलेल्या नाण्यात याच्या उलट, धातू दाबाखाली सरकल्याच्या बारीक रेषा अक्षरांपासून काठाकडे जाताना दिसतात.

आता यातलं फोटोत काय येतं? कड तर येतच नाही, कारण मेसेज दोन बाजूंचेच फोटो मागतो. बुडबुड्यांचे खड्डे आणि सरकलेल्या धातूच्या रेषा या सगळ्यांत बारीक गोष्टी. फोनचं सॉफ्टवेअर नेमक्या त्याच आधी गुळगुळीत करतं, आणि मग व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करताना उरलेलं पुसून टाकतं. ‘एचडी’ म्हणजे फोटो मोठा, एवढंच. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर निदान दुसरं नुकसान टळतं. उजेडाची दिशा हाही मोठा प्रश्न आहे. समोरून सरळ उजेड टाकला तर उंचसखलपणा दिसत नाही. एका बाजूने तिरपा टाकला तर दिसतो, पण दिशा कळली नाही तर खड्डा उठावासारखा भासतो. जाणकाराची नजर कितीही तयार असली तरी जे फोटोत उतरलंच नाही ते तिला कुठून दिसणार?

एक गोष्ट मात्र फोटो फार चांगली करतो, आणि ती या मेसेजने अजिबात सांगितलेली नाही. फोटो ‘नाही’ जवळजवळ खात्रीने म्हणू शकतो. हाताने ठोकलेल्या दोन नाण्यांचा ठसा एकच असू शकतो, पण चकतीचा वेडावाकडा काठ, काठावरची चीर आणि ठसा किती डावीकडे सरकला, हे सगळं दोन नाण्यांत सारखं येत नाही. आपल्या नाण्यात तर एकावर एक दोनदा ठोकलेलं असतं. डोंगराची कमान नहपानाच्या नाकाला नेमकी कुठे कापते, हे दर नाण्याला वेगळं. तेव्हा दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या फोटोंत तोच काठ, तीच चीर आणि तेच कापलेलं नाक दिसलं, तर एकच नाणं हातोहात फिरत आहे किंवा ती एका साच्याची भावंडं आहेत. दोन्ही नाणी एकाच वेळी दोन ठिकाणी असल्याचं कळलं की पहिला पर्याय गळतो. मग निदान एक तरी नक्कल आहेच, बहुधा दोन्ही. ‘हो’च्या बाजूला असा एकही पुरावा फोटो देत नाही. दोष दिसला नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही.

दुसरा मुद्दा ‘बहुतेक’ म्हणणाऱ्याच्या जबाबदारीचा. इथे मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं, कारण प्रामाणिक माणसाला खोटं ठरवून छातीठोकपणे बोलणाऱ्याला यात मान दिला आहे. हिशेब करून पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. खऱ्या नाण्यांत दिसणाऱ्या चांगल्या खुणा फोटोत १० पैकी ९ खऱ्या नाण्यांवर दिसतात आणि १० पैकी ३ नकलांवरही दिसतात, असं धरा. जुन्या, नोंदी ठेवलेल्या संग्रहातून १०० नाणी आली, त्यांत ७० खरी आणि ३० खोटी. चांगल्या खुणा ६३ खऱ्यांवर आणि ९ खोट्यांवर दिसतील. म्हणजे खुणा दिसलेल्या ७२ पैकी ६३ खरी, सुमारे ८८ टक्के. आता समजा तेवढीच १०० नाणी अनोळखी ऑनलाइन विक्रेत्यांकडून आली, आणि त्यांत २० खरी, ८० खोटी. खुणा १८ खऱ्यांवर आणि २४ खोट्यांवर दिसतील. ४२ पैकी १८, म्हणजे ४३ टक्के.

फोटो तोच, खुणा त्याच, पाहणारा तोच. तरी एकदा ८८ आणि एकदा ४३. नाणं कुठून आलं हे न विचारता जो फोटोवरून निकाल देतो, तो अर्धा हिशेब करून उत्तर लिहितो.

तिसरा मुद्दा वजनाचा. ही नाणी साधारण दोन ग्रॅमच्या आसपास, झिजेप्रमाणे कमीजास्त. नकलाकाराकडेही काटा असतो. वजन फार चुकलं तर नाणं बाद करता येतं, जुळलं तर फारसं काही सिद्ध होत नाही. चांदीचं म्हणाल तर पाण्यात वजन करून घनता काढायची पद्धत चांगली आहे, पण इतक्या लहान नाण्यावर ती थकते. २.१२ ग्रॅमचं शुद्ध चांदीचं नाणं पाण्यात सुमारे ०.२० ग्रॅम हलकं होतं. त्यात पाचवा हिस्सा तांबं असेल तर सुमारे ०.२१. सराफ बाजारातला नेहमीचा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच वाचतो, म्हणजे दोन्हींतला फरक काट्याच्या शेवटच्या आकड्यात बुडतो. वरून चांदीचा मुलामा आणि आत तांबं असेल तर घट ०.२४ येते, तेवढी लबाडी पकडली जाते. आणि समजा चांदी अगदी खरी निघाली, तरी मोडीतली जुनी चांदी आटवून गेल्या वर्षी ठोकलेलं नाणंही चांदीचंच असतं. धातूवरून वय कळत नाही.

मग सांगायचं कसं? गेल्या पावसाळ्यात सिन्नरच्या एका शिक्षकांनी मला असंच सातकर्णीचा ठसा असलेलं नाणं पाठवलं. दोन फोटो आणि एक ओळ, ‘खरं आहे ना?’ या एका प्रश्नात निदान दोन प्रश्न असतात. खालचं नाणं नहपानाचं आहे का, आणि वरचा ठसा सातकर्णीच्या काळातला आहे का? साध्या नहपानाच्या खऱ्या नाण्यावर आज ठसा मारून किंमत वाढवता येते. तशा वेळी जुना मळ आणि काळपटपणा ठशाच्या खोलगट भागातही सारखाच बसला आहे की ठशाने तो कापला आहे, हे पाहायचं असतं. त्यांचं नाणं विक्रेत्याने चकाचक घासून ठेवलं होतं, त्यामुळे तो पुरावाच गेला होता.

मी त्यांना लिहिलं ते असं: ‘सर, दोन फोटो पाहिले, कड पाहिली नाही, नाणं हातात घेतलेलं नाही. खालचं नाणं नहपानाचं आणि त्या काळचं असण्याची शक्यता माझ्या मते ७५ टक्के, ६० ते ८५ च्या दरम्यान. वरचा ठसाही त्या काळचाच असण्याची शक्यता ६० टक्के. बाजूने: “गोतमिपुत” ही अक्षरं घडणीने योग्य, डोंगराखालून नहपानाची मान नीट दिसते, हाच काठ असलेलं दुसरं नाणं मला जुन्या लिलावांच्या फोटोंत सापडलं नाही. विरुद्ध: घासलेलं आहे, आणि विक्रेत्याने आधीचा मालक सांगितलेला नाही. कडेचे चार फोटो आणि तिरप्या उजेडातला एक फोटो आला तर आकडा बदलेल. कडेवर रेघ निघाली तर ५ च्या खाली जाईल, न निघाली तर ८० पर्यंतच वाढेल, कारण ठोकून केलेल्या नकलेला रेघ नसते.’

यात काय काय आहे ते पाहा. नेमका कशाबद्दल दावा आहे, काय पाहून केला, काय पाहिलं नाही, आणि कशाने बदलेल. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान आहे, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या असणं हे एक खरी असण्यापेक्षा नेहमीच अवघड. दरम्यानचे आकडेही हवेत. नुसतं ७५ लिहिलं की मोजून काढल्यासारखं वाटतं, आणि ते मोजलेलं नसतं, अनुभवाने लावलेलं असतं.

त्या अनुभवाची तपासणी करायची सोय आहे, म्हणून मी वही ठेवतो. तारीख, नाणं, सांगितलेला आकडा, आणि पुढे नाणं हातात आलं तर काय निघालं. ७५ टक्के म्हटलेल्या २० नाण्यांपैकी १५ च्या आसपास खरी निघायला हवीत. वीसच्या वीस खरी निघाली तर मी भिऊन कमी सांगतो आहे, दहाच निघाली तर मी जास्त सांगतो आहे, आणि पुढच्या माणसाला सांगताना आकडा खाली आणला पाहिजे. ‘१०० टक्के’ सांगणाऱ्याला या वहीत एकही चूक परवडत नाही. ग्रुपवर असं सांगणाऱ्यांपैकी कुणी अशी वही दाखवल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

सरांनी चार दिवसांनी कडेचे फोटो पाठवले. तीन फोटोंत काही नव्हतं. चौथ्यात केसाएवढी रेघ आणि तिच्या शेजारी कानसीचे तिरके ओरखडे. मी आकडा ५ च्या खाली आणला आणि नाणं परत करायला सांगितलं, पण त्याआधी एकदा दाखवायला आणा म्हटलं. रविवार कारंजावर भेटलो. दहापट भिंगाखाली डोंगराच्या मधल्या कमानीत दोन बारीक गोल खड्डे होते, आणि ‘मि’ च्या पोटात बुडबुड्याचा दाणा. सरांनी स्वतः पाहिलं, मग पुन्हा आपल्या फोनवरचा पहिला फोटो मोठा करून त्याच जागी शोधलं. तिथे नुसता सपाट राखाडी रंग होता.