एकाच मिठागरातील दोन लाल जीव

प्रतिक्रिया: “आर्किया म्हणजे उकळत्या झऱ्यांत आणि मिठागरांत राहणारे जिवाणूच. केवळ पत्ता वेगळा म्हणून त्यांना स्वतंत्र गट देणे मला ओढूनताणून केलेले वाटते.”

महोदय, वस्तीवरून गट ठरवू नये हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच दोन्ही गट ज्या पाण्यात शेजारी नांदतात, त्या मिठागराचेच उदाहरण देतो. कच्छच्या लहान रणाकडे गेलेल्या आपल्यासारख्या बडोदेकरांनी मीठ धरू लागलेल्या पाण्यावर चढणारी लाली कदाचित पाहिलीही असेल. अशा लालीचा मोठा वाटा हॅलोबॅक्टेरियमच्या कुळातील आर्कियांचा असतो. मात्र २००२ मध्ये स्पेनच्या मिठागरांतून सॅलिनिबॅक्टर रुबर या जीवाचे वर्णन झाले. तोही लाल, तोही पेशीत पोटॅशियम क्लोराइड साठवून बाहेरच्या मिठाशी तोल राखणारा, आणि तरीही तो जिवाणूच आहे.

हे ठरते पेशीपटलावरून. सॅलिनिबॅक्टरच्या पटलात मेदाम्लांच्या सरळ साखळ्या ग्लिसरॉलला एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात, तर हॅलोबॅक्टेरियममध्ये आयसोप्रीनपासून घडलेल्या, फांद्या असलेल्या वीस कार्बनांच्या साखळ्या ईथर बंधांनी जोडलेल्या असतात. दोन्हींची मेदद्रव्ये अल्कलीत तापवली, तर पहिल्यातील साखळ्या सुटतात आणि दुसऱ्यातील जागच्या हलत नाहीत. एवढ्यावर मात्र निकाल देऊ नये, कारण उष्ण पाण्यातील अ‍ॅक्विफेक्ससारख्या काही जिवाणूंतही ईथर बंध सापडतात. खरी खूण ग्लिसरॉलमध्ये आहे: जिवाणूंत फॉस्फेट त्याच्या तिसऱ्या कार्बनावर बसते आणि आर्कियांत पहिल्यावर. या दोन रचना डाव्या-उजव्या हातांसारख्या एकमेकींची प्रतिबिंबे असून त्या घडवणारी विकरेही वेगळ्या कुळांतील आहेत. खाऱ्या पाण्याशी जुळवून घेताना असा फरक पडेल, असे मला मुळीच वाटत नाही.

भित्तिकेविषयी थोडक्यात सांगतो. जिवाणूंचे पेप्टिडोग्लायकन आर्कियांत नसते. हॅलोबॅक्टेरियमचे आवरण ग्लायकोप्रथिनांचे असते आणि ते सोडियमच्या आधारावर उभे राहते, त्यामुळे गोड्या पाण्यात टाकताच पेशी फुटते. पेनिसिलिन पेप्टिडोग्लायकनची घडण रोखते, त्यामुळे त्याने रोखावे असे या आवरणात काही नसते.

जनुकांच्या वाचनातील अंतर मला सर्वांत बोलके वाटते. जिवाणूंत जनुक वाचून त्याची आरएनए प्रत काढणाऱ्या आरएनए पॉलिमरेज या विकराला जनुकाची सुरुवात सिग्मा घटक हे प्रथिन दाखवते. आर्कियांत ते काम टीबीपी आणि टीएफबी ही प्रथिने करतात, त्यांचे नातलग आपल्या पेशींत आहेत, आणि आर्कियांचे पॉलिमरेजही आपल्या पेशींतील आरएनए पॉलिमरेज-२ शी जुळते. म्हणूनच जिवाणूंच्या पॉलिमरेजला अडवणारे रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक आर्कियांच्या पॉलिमरेजवर चालत नाही. अर्थात रिफॅम्पिसिनला न जुमानणारा प्रत्येक जीव आर्किया नव्हे. क्षयाच्या जिवाणूंतही एका जनुकातील बदलाने तसा प्रतिकार येतो, पण त्यांचा सिग्मा घटक कायम असतो.

उलट बाजूही पाहावी. मेथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी हा आर्किया माणसाच्या आतड्यात, म्हणजे अगदी सौम्य वस्तीत राहतो, आणि तेथेही त्याचे ईथर बंध, त्याचा टीबीपी व पेप्टिडोग्लायकनविना भित्तिका तशाच असतात.